कंगवा की ब्रश? कुरळ्या आणि विरळ केसांची तुटातूट कशी थांबवावी

भगिनींनो, वस्तीतल्या विहारात महिलांची बैठक संपली की दोन-तीन जणी हमखास मागे थांबतात आणि हळूच विचारतात, "सिस्टर, केस लई गळतात. कोणतं तेल लावू?" पूर्वी आम्हीही लगेच तेलावर बोलायला लागायचो. आता आधी उलट विचारतो, "घरात कंगवा कोणता आहे? जरा आणून दाखवा." मग कोणी बारीक दातांचा काळा कंगवा आणते, कोणी दात मोडलेला, तर कोणी मुलीने जत्रेत घेतलेला गुलाबी ब्रश आणते. निम्म्या घरांत तर सगळ्यांना मिळून एकच कंगवा असतो. आजच्या पानावर आपण याच कंगव्याचा आणि ब्रशचा विचार करणार आहोत. कुरळे, नागमोडी किंवा विरळ झालेले केस ज्यांचे आहेत, त्यांचे बरेच नुकसान तेलाअभावी होत नाही. ते चुकीचे साधन आणि चुकीची पद्धत यांमुळे होते.

आधी पाहा: केस गळतो की तुटतो?

या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गळणारा केस मुळापासून सुटून येतो आणि तुटणारा केस मधेच मोडतो. दोन्हींचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा. ओळखण्यासाठी दवाखान्यात जायची गरज नाही.

तीन दिवस रोज एक काम करा. वर्तमानपत्र किंवा पांढरे कापड अंथरून त्यावर केस विंचरा. खाली पडलेले आणि कंगव्यात अडकलेले केस गोळा करून उजेडात पाहा. केस पूर्ण लांबीचा असेल आणि एका टोकाला अगदी बारीक पांढरी गाठ दिसत असेल, तर तो मुळापासून गळालेला आहे. ती गाठ म्हणजे केसाचे मूळ मेले असे अनेकींना वाटते. तसे नसते. केसाचे आयुष्य संपले की तो अशीच गाठ घेऊन सुटतो, आणि त्वचेतल्या त्याच जागेतून नवा केस उगवू शकतो. दिवसाला ५० ते १०० केस असे गळणे ही नेहमीची गोष्ट आहे.

याउलट तुकडा आखूड असेल, दोन्ही टोकांना गाठ नसेल, टोक फाटलेले किंवा खरखरीत असेल, तर तो तुटलेला आहे. कपाळाजवळ आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना आखूड केस उभे राहत असतील, वेणीचे टोक झाडूसारखे पातळ होत असेल, केस एका लांबीपलीकडे वाढतच नाहीत असे वाटत असेल, तर तीही तुटण्याची खूण आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. वर जेवढा वाढतो तेवढाच खाली तुटत राहिला, तर वर्षानुवर्षे लांबी तीच दिसणार.

तुटणे हे आपल्या हातातले काम आहे. कंगवा बदलला आणि पद्धत बदलली की ते कमी होते. गळण्याचे कारण मात्र शरीरात असते. त्याकडे आपण शेवटी येऊ.

कुरळा केस लवकर का तुटतो?

केसाच्या वरच्या सालीवर कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात. खवले नीट बसलेले असले की केस गुळगुळीत लागतो. घासाघासीने ते उचकटले की केस खरखरीत होतो, शेजारच्या केसात अडकतो आणि गुंता होतो.

सरळ केसाची काडी बहुधा गोल असते, तर कुरळ्या केसाची चपटी असते आणि ती वाटेत वळत जाते. जिथे वळण येते तिथे ताण जास्त पडतो, आणि तुटायची वेळ आली की केस तिथेच तुटतो. दुसरी गोष्ट अशी की डोक्याच्या त्वचेतून येणारा तेलकटपणा सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरतो. कुरळ्या केसावर तो वळणावळणांत अडतो. म्हणून कुरळे केस मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडे राहतात. नागमोडी केस या दोघांच्या मधले असतात.

पाण्याचाही भाग आहे. ओला केस फुगतो, मऊ होतो आणि रबरासारखा जास्त ताणला जातो. जास्त ताणला की तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, मोडतो. म्हणून सरळ केस ओलेचिंब असताना विंचरू नयेत, अर्धे वाळू द्यावेत. कुरळ्या केसांचे मात्र उलटे आहे. ते कोरडे असताना वळणे एकमेकांत घट्ट अडकलेली असतात आणि कंगवा ओढला की कटकट आवाज येतो. तो आवाज केस तुटल्याचाच असतो. ओलसर आणि निसरडे असताना हीच वळणे सैल होतात. म्हणून दाट कुरळे केस ओलसर असताना, तेल किंवा कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवावेत. "ओले केस कधीच विंचरू नका" हा सल्ला सरळ केसांसाठी बरोबर आहे, पण तो सगळ्यांना लावला की कुरळ्या केसांच्या मुलींचे नुकसान होते.

कंगवा काय करतो, ब्रश काय करतो?

मोठ्या दातांच्या कंगव्यात दोन दातांमध्ये भरपूर जागा असते. केसांची एक अख्खी लड त्यातून जाते. गाठ आडवी आली तर हाताला लगेच कळते आणि आपण थांबू शकतो. म्हणजे हे गुंता सोडवण्याचे साधन आहे.

दाट केसाळ ब्रशचे काम वेगळे आहे. हे ब्रश डुकराच्या ताठ केसांचे किंवा नायलॉनचे असतात आणि शेकडो काड्या जवळजवळ बसवलेल्या असतात. तो केसांच्या वरच्या थरावरून फिरतो, आत शिरत नाही. सरळ, कोरड्या, आधीच मोकळ्या केलेल्या केसांवर तो फिरवला तर मुळाशी असलेले तेल खालपर्यंत पसरते आणि केस चापूनचोपून बसतात. एवढ्यासाठी तो चांगला आहे. पण कुरळ्या केसांवर तोच ब्रश फिरवला की एकत्र बसलेली वळणे सुटी होऊन केस पिंजलेल्या कापसासारखे फुगतात. वर गुंता असेल तर शेकडो काड्या एकाच वेळी तिथे अडकतात. आपण जोर लावतो आणि गुंता सुटायच्या ऐवजी तुटतो. ओल्या केसांवर तर असा ब्रश घालूच नये.

आपल्याकडे बांगड्यांच्या दुकानात मिळतो तो बहुधा तिसराच प्रकार असतो. रबराच्या गादीत बसवलेल्या तारा किंवा प्लास्टिकच्या काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकावर बारीक मणी. नवा असताना नागमोडी किंवा सरळ केसांना तो चालतो. पण काही महिन्यांत मणी गळून पडतात. मग उघडी तार डोक्याची कातडी ओरबाडते आणि केसाची साल खरवडते. मणी गेलेला ब्रश कितीही चांगला दिसत असला तरी टाकून द्यावा.

रोज शंभर वेळा ब्रश फिरवला की केस वाढतात, असे जुन्या बायका सांगत. ते खरे नाही. केस वाढतो तो कातडीच्या आत. बाहेरच्या घासण्याने फक्त साल झिजते. गुंता निघाला की विंचरणे थांबवावे.

थोडक्यात निवड अशी करावी. दाट कुरळ्या केसांना फक्त मोठ्या दातांचा कंगवा आणि आपली बोटे. नागमोडी केसांना ओलसर असताना मोठ्या दातांचा कंगवा आणि वाळल्यावर बोटे पुरेत. सरळ केसांना आधी मोठ्या दातांचा कंगवा आणि मग हवा असेल तर मऊ ब्रश. विरळ झालेल्या केसांना मोठ्या दातांचा कंगवा, आणि वरून केस बसवायचे असतील तर अगदी मऊ ब्रश, तोही कातडीवर न दाबता.

दुकानात कंगवा कसा पारखावा?

महाग कंगवा लागत नाही. तीन गोष्टी पाहा. पहिली, काडेपेटीतल्या दोन काड्या शेजारी शेजारी धरून दोन दातांमधून घाला. सहज गेल्या तर तो मोठ्या दातांचा कंगवा. दुसरी, दातांची टोके तळहातावर घासा. ती गोल लागायला हवीत, टोचायला नकोत. तिसरी गोष्ट बहुतेकींना माहीत नसते. स्वस्त प्लास्टिकचा कंगवा साच्याच्या दोन भागांत ओततात. त्या जोडाची बारीक धार प्रत्येक दाताच्या कडेने राहते. नखाने दात वरून खाली चाचपा, धार नखाला लागते. किंवा जुनी नायलॉनची ओढणी दातांवरून ओढा. धागा अडकला तर केसही अडकणार. असा कंगवा घेऊ नका.

लाकडी कंगवाही चांगला, पण तो पाण्यात भिजत ठेवू नये. कुसे निघाली की त्याचेही तसेच होते. कोणत्याही कंगव्याचा एक जरी दात मोडला, तरी तो मोडका तुकडा सुरीसारखा काम करतो. तो कंगवा बाद समजावा.

विंचरायची पद्धत

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी आम्हाला अंथरुणावरच्या रुग्णाचे केस विंचरायला शिकवले. अनेक दिवस पडून असलेल्या बाईच्या डोक्याला मागच्या बाजूने गाठी झालेल्या असत. तेव्हा शिकलेली पद्धत घरीही तशीच लागू पडते.

केसांचे मधोमध दोन भाग करा. दाट असतील तर चार. एका वेळी एकच भाग हातात घ्या, बाकीचे चिमट्याने बाजूला अडकवा. थोडे तेल किंवा कंडिशनर बोटांना चोळून त्या भागाच्या खालच्या अर्ध्यावर लावा. आता डाव्या हाताने लड गुंत्याच्या वर घट्ट धरा. हे महत्त्वाचे आहे. हात गुंत्याच्या आणि डोक्याच्या मधे असला की ओढ हातावर येते, मुळावर येत नाही. मूल रडत नाही आणि विरळ केसही उपटत नाहीत.

मग टोकापासून सुरुवात करा. शेवटची चार बोटे एवढा भाग आधी मोकळा करा. तो सुटला की चार बोटे वर जा आणि पुन्हा टोकापर्यंत या. असे चढत चढत मुळापर्यंत जायचे. आपण बहुतेक जणी उलटे करतो. कंगवा भांगात घालतो आणि सरळ खाली ओढतो. त्यामुळे वाटेतल्या सगळ्या छोट्या गाठी कंगव्यापुढे ढकलल्या जाऊन खाली एकच मोठी घट्ट गाठ होते आणि मग ती तुटते. गाठ कंगव्याने सुटली नाही तर कंगवा बाजूला ठेवा. दोन बोटांनी गाठ आडवी पसरवा, तेलाचा एक थेंब द्या आणि एक-एक केस बाहेर काढा.

आपल्याकडे टँकरच्या दिवशीच डोक्यावरून अंघोळ होते. पाणी कमी असेल तर धुण्याच्या आधीच तेल लावून गुंता काढा. गुंता तसाच ठेवून डोके चोळले की तो नमद्यासारखा घट्ट बसतो, आणि पाणीही दुप्पट लागते. खोबरेल तेल केसात थोडे मुरते, त्यामुळे धुताना केस कमी फुगतो. धुतल्यावर केस पंचाने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती कापडात गुंडाळून दाबून पाणी टिपा.

एका सुनेची गोष्ट

आमच्या ओळखीच्या वस्तीत एक सव्वीस वर्षांची सून आहे. केस दाट कुरळे, कमरेपर्यंत. बाळंतपणाला चार महिने झाले होते. तिसऱ्या महिन्यापासून कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. ती घाबरली. विंचरले की केस जातात, म्हणून तिने विंचरणेच बंद केले. बुचडा बांधला आणि तीन आठवडे सोडलाच नाही. मधे दोनदा वरूनच डोके धुतले. मानेवर लिंबाएवढा घट्ट गोळा तयार झाला.

त्याच वेळी गावाहून चुलत सासू आली. तिने गोळा पाहिला आणि म्हणाली, "ही जट हाय. देवीनं केस धरलेत. हात लावू नका, कापू तर अजिबात नका. घरावर येतं." नवरा म्हणाला, "आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आमच्यात हे चालत नाही." तो कात्री घेऊनच आला. सून मधे बसून रडत होती. एकीकडे जटेची भीती, दुसरीकडे इतके वर्ष वाढवलेले केस. कोणीतरी आम्हाला बोलावून आणले.

आम्ही चुलत सासूशी वाद घातला नाही आणि कात्रीही हातात घेतली नाही. तिलाच म्हटले, "आत्याबाई, तुम्ही तेल लावा, आम्ही सोडवतो. देवीनं धरलं असेल तर सुटणार नाही, आणि नुसता गुंता असेल तर सुटेल." चार मोठे चमचे खोबरेल तेल कोमट करून त्यांनी स्वतःच्या हाताने गोळ्यात जिरवले. अर्धा तास थांबलो. पाणी मुद्दाम लावले नाही, कारण पाण्याने आणि चोळण्याने तो आणखी घट्ट झाला असता.

मग मोकळे केस बाजूला बांधले आणि गोळ्याच्या खालच्या कडेपासून सुरुवात केली. कंगवा आधी नाहीच. बोटांनी कडेचे पाच-दहा केस ओढून वेगळे करायचे आणि वेगळे झालेले बाजूला अडकवायचे. गोळा सैल झाल्यावर मोठ्या दातांच्या कंगव्याचा फक्त शेवटचा एक दात आत घालून बाहेर ओढायचा. दोन तासांत पाऊण गोळा सुटला. बाळ रडायला लागले, तिची मान दुखायला लागली. आम्ही थांबलो आणि केस सैल बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल लावून बसलो. शेवटी सुपारीएवढा भाग राहिला, तो नमद्यासारखा झाला होता. तो आडवा कापला नाही. कात्रीचे टोक डोक्यापासून दूर धरून केसांच्या लांबीच्या दिशेने, उभे दोन छेद दिले. गोळ्याच्या तीन पट्ट्या झाल्या आणि त्या बोटांनी सुटल्या. आडवा कापला असता तर तिथले सगळे केस गेले असते. उभा छेद दिल्याने थोडेच गेले.

खाली मोठा मूठभर केसांचा ढीग झाला. सून पुन्हा रडायला लागली, "बघा, एवढे गेले." आम्ही वर्तमानपत्र अंथरून ढीग पसरला आणि चुलत सासूला केसांची टोके पाहायला लावली. बहुतेक केस लांब, एका टोकाला पांढरी गाठ. म्हणजे हे आज उपटले गेले नव्हते. तीन आठवड्यांत गळलेले केस बुचड्यातच अडकून पडले होते. निरोगी बाईचेही दिवसाला ५० ते १०० धरले तर एकवीस दिवसांत हजार ते दोन हजार केस होतात. बाळंतपणानंतर तर त्याहून जास्त. तेच सुटे केस जिवंत केसांभोवती गुंडाळले गेले, त्यात तेल, घाम आणि धूळ मुरली, वरून डोके चोळले गेले आणि गोळा झाला. जट होते ती अशीच. त्यात कोणाचा कोप नसतो. चुलत सासू बराच वेळ केस हातात धरून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी हिचेच केस हिच्याच केसात अडकले." आम्ही म्हटले, "होय. तेवढेच."

ढिगात आखूड तुकडेही होते, ते मात्र तुटलेले होते. मधल्या काळात कोरड्या केसांवर बारीक कंगवा ओढल्याने आणि बुचडा आवळून बांधल्याने ते झाले होते. तिला मोठ्या दातांचा कंगवा घेऊन दिला आणि एक दिवसाआड टोकापासून सोडवायला सांगितले. पाच महिन्यांनी भेटली तेव्हा कपाळावर बोटभर आखूड नवे केस उभे होते. टोकाला गोल, मऊ. ते तुटलेले नव्हते, नवे उगवलेले होते.

ज्यांच्या डोक्यावर जुनी, वर्षानुवर्षांची जट आहे, तिचे काम वेगळे. ती तेलाने सुटत नाही, कापावीच लागते. आत उवा, जखमा, पू असू शकतो. अशा बाईला धाकदपटशा न करता, तिच्या संमतीने, आरोग्य सेविकेच्या किंवा अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांच्या मदतीने जट काढावी आणि खालची कातडी डॉक्टरांना दाखवावी.

शाळेच्या वेण्या आणि उवांची फणी

मुलींच्या दोन घट्ट वेण्या कपाळाची कातडी ताणली जाईपर्यंत आवळतात. रोज असे केले की कानशिलाजवळचे केस आधी तुटतात, मग मुळापासून जातात. वर्षानुवर्षे चालले तर तिथे केस कायमचे येत नाहीत. खूण सोपी आहे. वेणी घातल्यावर मुलीला भुवया उचलताना ओढ लागत असेल, डोके दुखत असेल किंवा मुळाशी बारीक पुटकुळ्या आल्या असतील, तर वेणी घट्ट आहे. सैल करा. साधे रबर केसात थेट घालू नका, कापड गुंडाळलेले वापरा.

उवांसाठी बारीक फणी लागतेच, तिला पर्याय नाही. पण ती गुंता सोडवायचे साधन नाही. आधी केस ओले करून कंडिशनर किंवा तेल लावा, मोठ्या दातांच्या कंगव्याने पूर्ण मोकळे करा आणि मगच पातळ बटा घेऊन मुळापासून फणी फिरवा. असे केले तर कुरळ्या केसांतही फणी चालते. उवा असतील त्या घरात प्रत्येकाचा कंगवा वेगळा ठेवा. वापरलेला कंगवा दहा मिनिटे हाताला सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात बुडवा. प्लास्टिकचा असेल तर उकळत्या पाण्यात नको, दात वाकतात. एरवीही आठवड्यातून एकदा कंगवा साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने दातांमधला मळ काढा. मळलेला कंगवा केसावर ओढ घेतो.

केस विरळ होत असतील तर

कंगवा कितीही चांगला असला तरी त्याने केस उगवत नाहीत. तो आहेत ते वाचवतो, एवढेच. पण विरळ झालेल्या केसांसाठी तेवढेही मोठे आहे. पातळ झालेला केस थोड्या ओढीनेही मोडतो आणि टाळू आणखी उघडी दिसते.

ज्यांचे केस गळत आहेत त्यांनी विंचरणे आणि धुणे बंद करू नये. जो केस कंगव्यात येतो तो आधीच सुटलेला असतो. आज नाही काढला तर तो उद्या गुंत्यात सापडेल. वरच्या गोष्टीतल्या सुनेचे तेच झाले.

बाळंतपण, टायफॉइड किंवा डेंग्यूसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा मोठा उपास यांनंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस एकदम गळू लागतात. कारण जुने असल्यामुळे बाईला ते आठवतही नाही, आणि दोष तेलाला किंवा पाण्याला दिला जातो. बाळंतपणानंतरचे गळणे बहुतेकींचे वर्षभरात थांबते. पण त्यात रक्त कमी असेल तर ते लांबते. त्या सुनेचे हिमोग्लोबिन ९.२ निघाले. बाईचे ते १२ च्या वर हवे. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लोहाची गोळी सरकारी दवाखान्यातून मिळते. तिने ती दुसऱ्याच महिन्यात सोडून दिली होती, कारण "पोट जड होतं". जेवणानंतर घ्यायला सांगून ती पुन्हा सुरू करून दिली.

खालील गोष्टी दिसल्या तर मात्र कंगव्यावर वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. रुपयाच्या नाण्यासारखा गोल, गुळगुळीत चट्टा. मुलाच्या डोक्यावर खपल्या आणि मुळाशी तुटलेल्या केसांचे ठिपके, कारण ते गजकर्ण असू शकते आणि ते कंगव्यातून भावंडांना लागते. भांग महिन्यागणिक रुंद होत जाणे. केस गळण्याबरोबर थकवा, वजनात फरक किंवा पाळीत बिघाड.

या आठवड्यात एवढेच करा. घरातला कंगवा उजेडात धरा, मोडके दात आणि नखाला लागणारी धार पाहा, दोन काड्यांची परीक्षा घ्या. आणि पोरीचे केस विंचरताना कंगवा भांगात न घालता टोकाला लावा. पुढच्या बैठकीला येताना वर्तमानपत्रावर पडलेले केस कागदात गुंडाळून आणा. गळलेले कोणते आणि तुटलेले कोणते ते आपण मिळून पाहू.

जयभीम.